पी-मूल्य

पी-मूल्य ही संख्याशास्त्रातील, विशेषतः परिकल्पनांच्या चाचणीतील, एक संभाव्यता आहे. तपासावयाचा फरक किंवा परिणाम मुळात अस्तित्वातच नाही असे क्षणभर गृहीत धरले, तर प्रत्यक्ष हाती आलेल्या निकालाइतका किंवा त्याहून अधिक टोकाचा निकाल केवळ योगायोगाने मिळण्याची जी संभाव्यता, तिला पी-मूल्य म्हणतात. 'फरक नाही' या गृहीतकास शून्य परिकल्पना अशी संज्ञा आहे. पी-मूल्य शून्यापासून एकपर्यंत कोठेही असू शकते. ते लहान असणे म्हणजे हाती आलेले आकडे आणि शून्य परिकल्पना यांचे एकमेकांशी नीट जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ होय.

या व्याख्येतील 'गृहीत धरले, तर' हे शब्द वाचताना सहज निसटतात, आणि पी-मूल्याविषयीचे बहुतेक गैरसमज त्यांच्या निसटण्यातूनच निर्माण होतात. आज पी-मूल्य कोणी हाताने काढत नाही. ते संगणकाने छापलेल्या पानावर तयार मिळते आणि विद्यार्थ्यापर्यंत अनेकदा त्या पानाचे भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्रच पोहोचते. म्हणून येथे असेच एक पान घेऊन पी-मूल्याचा उलगडा केला आहे.

छायाचित्रातील पान

'आर' या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेत `sleep` नावाचा एक छोटा आकडेसंच आधीपासूनच भरलेला असतो. त्यावर चाचणी करून छापलेल्या पानाच्या छायाचित्रात पुढील मजकूर दिसतो :

```
	Welch Two Sample t-test

data:  extra by group
t = -1.8608, df = 17.776, p-value = 0.07939
95 percent confidence interval:
 -3.3654832  0.2054832
sample estimates:
mean in group 1 mean in group 2 
           0.75            2.33 
```

(मधली एक ओळ येथे गाळली आहे. शून्य परिकल्पनेच्या विरुद्ध काय तपासले, ते त्या ओळीत लिहिलेले असते.) नवख्या वाचकाची नजर थेट `p-value = 0.07939` या आकड्यावर जाते. हा आकडा ०.०५ पेक्षा मोठा आहे, म्हणून 'फरक नाही' असा निष्कर्ष काढून तो पान मिटतो. या प्रकरणात तो निष्कर्ष चुकीचा ठरतो. तो का चुकतो, हे पाहण्यासाठी आकड्यांच्या मुळाशी जावे लागते.

आकड्यांचे मूळ

हे आकडे एका शतकाहून जुने आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलामझू येथील मनोरुग्णालयात रुग्णांना झोपेची औषधे देऊन केलेल्या निरीक्षणांतून ते आले. कुश्नी आणि पीबल्स या संशोधकांनी ते १९०५ साली प्रसिद्ध केले. पुढे १९०८ मध्ये डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम सीली गॉसेट यांनी 'बायोमेट्रिका' या नियतकालिकातील आपल्या लेखात उदाहरण म्हणून ते वापरले. गॉसेट 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहीत. आज 'टी-चाचणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा उगम याच लेखात आहे.

रुग्ण दहा आणि औषधे दोन होती. औषध न घेता येणाऱ्या झोपेच्या तुलनेत किती तास जास्त झोप लागली, हे प्रत्येक औषधासाठी नोंदवले आहे. झोप कमी झाली असेल, तर आकडा ऋण आहे.

| रुग्ण | पहिले औषध | दुसरे औषध | फरक (दुसरे वजा पहिले) |
|---|---|---|---|
| १ | ०.७ | १.९ | १.२ |
| २ | −१.६ | ०.८ | २.४ |
| ३ | −०.२ | १.१ | १.३ |
| ४ | −१.२ | ०.१ | १.३ |
| ५ | −०.१ | −०.१ | ०.० |
| ६ | ३.४ | ४.४ | १.० |
| ७ | ३.७ | ५.५ | १.८ |
| ८ | ०.८ | १.६ | ०.८ |
| ९ | ०.० | ४.६ | ४.६ |
| १० | २.० | ३.४ | १.४ |

पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास झोप वाढली, तर दुसऱ्याने २.३३ तास. दोहोंतील अंतर १.५८ तासांचे, म्हणजे सुमारे एक तास पस्तीस मिनिटांचे आहे. दोन्ही सरासऱ्या छायाचित्रातील शेवटच्या ओळीत आहेतच. जे तेथे दिसत नाही ते असे, की दोन्ही स्तंभांतील आकडे त्याच दहा माणसांचे आहेत.

हाताने काढलेले पी-मूल्य

पी-मूल्य म्हणजे काय, हे या कोष्टकावरून संगणकाशिवायही काढून दाखवता येते. दोन्ही औषधे झोपेच्या बाबतीत अगदी सारखीच आहेत, असे गृहीत धरावे. हीच येथील शून्य परिकल्पना. ती खरी असेल, तर एखाद्या रुग्णाचा कोणता आकडा पहिल्या स्तंभात पडला आणि कोणता दुसऱ्या, हा केवळ योगायोग ठरतो. पहिल्या रुग्णाचे ०.७ आणि १.९ हे आकडे उलट क्रमाने येण्याचाही तितकाच संभव होता, आणि तसे झाले असते तर फरक +१.२ ऐवजी −१.२ आला असता. म्हणजे प्रत्येक फरकाचे चिन्ह नाणेफेकीतील छापा-काट्यासारखे आहे.

पाचव्या रुग्णाचा फरक शून्य असल्याने त्याला चिन्ह नाही. उरलेल्या नऊ रुग्णांच्या चिन्हांच्या सगळ्या मांडण्या मोजल्या, तर दोनाचा नववा घात, म्हणजे ५१२ मांडण्या होतात. शून्य परिकल्पनेनुसार त्या सर्व सारख्याच संभाव्य आहेत. प्रत्यक्षात नऊच्या नऊ चिन्हे धन आली आहेत. याहून टोकाची मांडणी असूच शकत नाही, कारण एकही चिन्ह बदलले की फरकांची बेरीज घटते. इतकीच टोकाची दुसरी एकच मांडणी आहे, ती म्हणजे नऊही चिन्हे ऋण असण्याची. कोणते औषध सरस ठरेल हे आधी ठरवलेले नसल्यामुळे तीही मोजावी लागते. अशा प्रकारे ५१२ पैकी २ मांडण्या हाताशी येतात आणि २ भागिले ५१२ म्हणजे सुमारे ०.००३९ हे पी-मूल्य मिळते.

त्याचे वाचन असे करावयाचे : दोन्ही औषधे सारखीच असती, तर इतका एकतर्फी निकाल निव्वळ योगायोगाने हजारात सुमारे चार वेळा दिसला असता.

दुसरे पान

हातचा आकडा ०.००३९ आणि छायाचित्रातील आकडा ०.०७९३९ यांत सुमारे वीसपटीचे अंतर आहे. छायाचित्राच्या पहिल्याच ओळीत त्याचे कारण आहे. `Two Sample` म्हणजे दोन स्वतंत्र नमुने. पहिल्या औषधाची दहा माणसे वेगळी आणि दुसऱ्याची दहा वेगळी, असे समजून संगणकाने गणित केले. माणसामाणसांतील झोपेचा फरक मोठा असतो. सातव्या रुग्णाला कोणत्याही औषधाने भरपूर झोप लागते, चौथ्याला कोणत्याही औषधाने फारशी लागत नाही. या चढउतारांच्या गोंधळात दोन औषधांतील दीड तासाचे अंतर झाकले जाते. तेच रुग्ण दोन्ही स्तंभांत आहेत, हे संगणकाला सांगितले की जोडीची चाचणी होते आणि पान बदलते :

```
	Paired t-test

t = -4.0621, df = 9, p-value = 0.002833
95 percent confidence interval:
 -2.4598858 -0.7001142
sample estimates:
mean difference 
          -1.58 
```

(हेही पान येथे थोडे संक्षिप्त केले आहे. संगणकाने पहिल्यातून दुसरे वजा केल्यामुळे चिन्हे ऋण आहेत.) आता पी-मूल्य ०.००२८३३ आहे आणि ते हाताने काढलेल्या ०.००३९ च्या जवळचे आहे. दोहोंत थोडा फरक राहतो, कारण टी-चाचणी फरकांचे वितरण घंटेच्या आकाराचे, म्हणजे प्रसामान्य, आहे असे मानते, तर हातच्या मोजणीत तसे काही मानलेले नाही.

आकडे तेच वीस, सरासऱ्या त्याच, अंतरही तेच, पण पी-मूल्ये दोन. पी-मूल्य हा औषधाचा गुणधर्म नव्हे, हे यातून दिसते. आकडे, शून्य परिकल्पना आणि गणित करताना मानलेल्या गोष्टी या तिघांचे ते मिळून झालेले फलित आहे. म्हणून चाचणीचे नाव न वाचता पी-मूल्य वाचणे निरर्थक ठरते. योग्य चाचणी कोणती, हे प्रयोगाच्या रचनेवरून ठरते. दोन्ही पाने काढून त्यांपैकी सोयीचा आकडा निवडणे ही लबाडी होय, मग ती अजाणता झालेली का असेना.

परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता नव्हे

'पी-मूल्य ०.००२८ आहे, म्हणजे औषधे सारखी असण्याची शक्यता ०.२८ टक्के आणि दुसरे औषध सरस असण्याची ९९.७२ टक्के', असे वाचन सर्रास आढळते आणि ते चुकीचे आहे. पी-मूल्य काढताना औषधे सारखी आहेत हे खरेच मानलेले असते. जी गोष्ट गणितापूर्वीच खरी धरली, ती खरी असण्याची संभाव्यता त्याच गणितातून बाहेर पडू शकत नाही.

नाण्याच्या उदाहरणाने हे स्पष्ट होते. खिशातील साधे रुपयाचे नाणे नऊ वेळा उडवले आणि नऊही वेळा छापा पडला, तर नाणे समतोल आहे या परिकल्पनेसाठी पी-मूल्य पुन्हा २ भागिले ५१२, म्हणजे ०.००३९ येते. तरीही बहुतेक माणसे योगायोग म्हणून तो प्रसंग सोडून देतील, कारण रोजच्या व्यवहारातील नाणी खोटी नसतात हे त्यांना ठाऊक असते. हेच जादूगाराने आपल्या पोतडीतून काढलेल्या नाण्याबाबत घडले, तर नाण्याला दोन्ही बाजूंनी छापा आहे अशीच खात्री होईल. पी-मूल्य दोन्हीकडे सारखेच आहे, विश्वास मात्र निराळा. तो विश्वास नाण्याविषयीच्या आधीच्या माहितीवर अवलंबून असतो आणि ती माहिती पी-मूल्याच्या गणितात कोठेच शिरत नाही.

नाण्याचाच विचार थोडा पुढे नेता येतो. एखाद्या शाळेतील ५१२ मुलांनी प्रत्येकी नऊ वेळा नाणे उडवले, तर नऊही वेळा एकच बाजू पडलेली सरासरी दोन मुले निघतील. त्यांच्या नाण्यांत काही विशेष नसेल. पण उरलेल्या मुलांचा उल्लेख न करता केवळ त्या दोघांचा निकाल फळ्यावर लिहिला, तर ०.००३९ हा आकडा भलताच प्रभावी वाटेल. अनेक चाचण्या करून त्यांतील उठून दिसणारी तेवढीच सांगितली, की पी-मूल्याचा अर्थ असाच नाहीसा होतो. छापील पानावर एकच चाचणी दिसते. त्यापूर्वी किती पाने टाकून दिली, हे त्या पानावरून कळत नाही.

या चुकीसाठी नवख्यांनाच दोष देणे न्यायाचे नाही. १९०८ च्या लेखात गॉसेट यांनी याच आकड्यांवरून दुसरे औषध सरस असण्याबाबत सुमारे ६६६ विरुद्ध १ असे प्रमाण दिले होते. निकालाची संभाव्यता आणि परिकल्पनेची संभाव्यता यांतील भेद त्या काळी आजच्याइतका काटेकोर पाळला जात नसे.

त्या लेखात आणखी एक गफलत होती. औषधांची नावे त्यात चुकीची लागली होती, हे पुढे उघड झाले. तरीही पी-मूल्यात तसूभर फरक पडत नाही. स्तंभावर कोणते नाव आहे, नोंद कोणी घेतली, झोप कशी मोजली, यांची पी-मूल्याला काहीच कल्पना नसते.

परिणामाचे मोजमाप नव्हे

पी-मूल्य जितके लहान, तितका फरक मोठा, हाही एक रूढ समज आहे. वरील कोष्टकातच त्याचे उत्तर आहे. नवव्या रुग्णाचा ४.६ तासांचा फरक इतरांपेक्षा फारच मोठा आहे. तो रुग्ण वगळून उरलेल्या नऊ जणांवर जोडीची टी-चाचणी केली, तर सरासरी फरक १.५८ वरून सुमारे १.२४ तासांवर उतरतो. फरक लहान झाला, रुग्णही एकाने कमी झाला, म्हणजे पी-मूल्य वाढावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते ०.००२८ वरून सुमारे ०.०००५ पर्यंत घसरते. उरलेले फरक एकमेकांच्या जवळ असल्याने त्यांचा विस्कळीतपणा कमी होतो आणि तोच टी-चाचणीच्या छेदात असतो. फरक लहान आणि पी-मूल्यही लहान, असे दोन्ही एकाच वेळी घडते. (रुग्ण वगळण्याचा हा प्रकार येथे केवळ स्पष्टीकरणासाठी केला आहे. नोंद चुकल्याचा पुरावा नसताना आकडा वगळणे समर्थनीय नाही.)

फरक किती, हे पाहण्यासाठी पानावरील विश्वास अंतराल वाचावा. `95 percent confidence interval` या ओळीखाली तो असतो. जोडीच्या चाचणीत तो सुमारे ०.७० ते २.४६ तासांचा आहे. म्हणजे हे आकडे पाऊण तासाहून थोड्या कमी फरकाशीही जुळतात आणि जवळजवळ अडीच तासांच्या फरकाशीही. दहाच रुग्णांवरून याहून नेमके सांगता येत नाही. पी-मूल्यात मात्र ही अनिश्चितता दिसत नाही.

पहिल्या छायाचित्रातील 'फरक नाही' हा निष्कर्ष का चुकला, तेही याच ओळीवरून कळते. तेथील अंतराल −३.३७ पासून +०.२१ पर्यंत आहे. त्यात शून्य आहे हे खरे, पण तीन तासांचा फरकही त्यातच आहे. अशा पानाचा अर्थ 'फरक नसल्याचे सिद्ध झाले' असा होत नाही. फरक आहे की नाही हे त्या गणिताला सांगता आले नाही, असा होतो.

०.०५ ची मर्यादा

पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी असेल तर निकाल 'सार्थ' आणि अधिक असेल तर 'असार्थ', असा रिवाज आहे. तो मुख्यतः रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ मधील संशोधकांसाठीच्या पुस्तकामुळे रूढ झाला. झोपेचे हेच आकडे त्या पुस्तकातही उदाहरण म्हणून आले आहेत. विसांत एक ही सोयीची सीमा होती, निसर्गनियम नव्हे. ०.०४९ आणि ०.०५१ या दोन पी-मूल्यांतील पुराव्यात नाव घेण्याजोगा फरक नसतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये काढलेल्या निवेदनातही केवळ पी-मूल्य एखाद्या मर्यादेच्या आत आहे की बाहेर, यावरून वैज्ञानिक निष्कर्ष काढू नयेत असे म्हटले आहे. येथील 'सार्थ' या शब्दाचा व्यवहारातील 'महत्त्वाचा' या अर्थाशी संबंध नाही. मराठीत तरी हा शब्द जपून वापरावा.

छायाचित्र वाचताना होणाऱ्या चुका

छायाचित्रात पानाची वरची कड कापली गेली, तर चाचणीचे नावच जाते. वरील दोन पानांच्या बाबतीत तसे झाले, तर `df` या नोंदीवरून थोडा माग लागतो. दहा जोड्यांसाठी ती नेमकी ९ येते, तर स्वतंत्र नमुन्यांच्या वेल्च पद्धतीत ती सहसा १७.७७६ सारखी अपूर्णांकात असते.

उजवी कड कापली जाणे अधिक घातक असते. फार लहान संख्या संगणक `5.2e-05` अशा रूपात छापतो. तिचा अर्थ ५.२ भागिले एक लाख, म्हणजे ०.००००५२. शेवटचा `e-05` हा भाग छायाचित्राबाहेर राहिला, तर पी-मूल्य ५.२ असल्याचे दिसते. पी-मूल्य एकापेक्षा मोठे असूच शकत नाही, त्यामुळे ही चूक निदान ओळखता येते. `1.3e-04` मधून `1.3` एवढेच उरले, तरी तेच. मात्र आकडा चौकटीत नीट बसला नाही आणि `0.07939` मधील स्वल्प प्रकाशात दशांशचिन्हानंतरचे शून्य पुसट झाले, तर ०.७९३९ असे वाचले जाईल आणि ते पटण्याजोगेही वाटेल. अशा वेळी `t` च्या आकड्याशी ताळा पाहावा. १७-१८ स्वातंत्र्यमात्रा असताना `t` चे मूल्य चिन्ह सोडून दोनच्या आसपास असेल, तर पी-मूल्य ०.०५ च्या आसपास असते. १.८६ साठी ०.७९ येणे शक्य नाही.

`p-value < 2.2e-16` असे छापलेले असल्यास पी-मूल्य शून्य आहे असे लिहू नये. ते छापण्याच्या मर्यादेपेक्षा लहान आहे, एवढेच ते चिन्ह सांगते. एसपीएसएस या संगणकप्रणालीच्या जुन्या पानांवर `Sig.` या स्तंभाखाली `.000` दिसते, त्याचाही अर्थ शून्य नव्हे, तर ०.०००५ पेक्षा कमी असा आहे.